कॉम्प्रेसरचे प्रतिबंधात्मक देखभालीचे वेळापत्रक आणि नोंदपत्रक : उन्हाळ्यात बंद पडणाऱ्या यंत्राची वारंवारता कशी ठरवावी?

देखभाल_हिंगणा

आमचा कारखाना हिंगणा एमआयडीसीत असून देखभाल विभाग माझ्याकडे आहे. ग्राहकाच्या ऑडिटसाठी सर्व यंत्रांचे प्रतिबंधात्मक देखभालीचे वेळापत्रक, तपासणी सूची आणि भरलेली नोंदपत्रके द्यायची आहेत. सीएनसी लेथ, प्रेस आणि क्रेन यांची कागदपत्रे बऱ्यापैकी तयार आहेत. प्रश्न आहे तो ५० अश्वशक्तीच्या स्क्रू कॉम्प्रेसरचा. आमच्याकडे हा एकच कॉम्प्रेसर असल्याने तो थांबला की निम्मा कारखाना थांबतो. मे महिना लागल्यापासून तो दुपारी चारच्या सुमारास ११० अंशांवर ट्रिप होतो, अर्धा तास थंड होऊ दिला की पुन्हा चालतो आणि रात्री काहीच तक्रार नसते.

आधीपासून चालत आलेल्या आमच्या पत्रकात मासिक, त्रैमासिक आणि सहामाही असे रकाने आहेत आणि जानेवारीपासून प्रत्येक चौकटीत 'ठीक' अशी खूण आहे. कूलर ठीक, ऑइल ठीक, तापमान ठीक, आणि तरीही यंत्र ट्रिप होते. वारंवारता कोणत्या आधारावर ठरवावी, कोणते काम कोणाकडे द्यावे आणि पत्रकात नेमके काय लिहून घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बुटीबोरीकर

ताई, नागपूरच्या उन्हात हे होणारच. पुस्तकातले वेळापत्रक थंड देशासाठी लिहिलेले असते. आम्ही सरळ सगळे आकडे निम्मे केले आहेत. ऑइल ४००० तासांवर बदला असे लिहिले असेल तर आम्ही २००० वर बदलतो आणि फिल्टर १००० वर. दुसरे म्हणजे कूलरकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेवर जो थर्मल व्हॉल्व्ह असतो तो अडकला तर ऑइल कूलरमध्ये जातच नाही आणि यंत्र तापते. आमच्या सर्व्हिसवाल्याने तो व्हॉल्व्ह काढूनच टाकला, त्यानंतर ट्रिपिंग बंद झाले.

कळमना_दालमिल

माझा प्रश्न थोडा याच प्रकारचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या मिलमध्ये बकेट एलिव्हेटरच्या खालच्या बेअरिंगमध्ये डाळीची भुकटी जाते आणि दोन महिन्यांत बेअरिंग खराब होते. ग्रीस रोज मारावे की आठवड्याला? वार्षिक देखभाल करार घेतला तर कंपनी बेअरिंग देते का?

जुनाफिटर

कळमन्याचे भाऊ, तुमच्या बेअरिंगला ग्रीसपेक्षा सीलची गरज दिसते, पण तो वेगळा विषय आहे. वेगळा धागा काढल्यास तिथे सविस्तर लिहीन.

मूळ प्रश्नाकडे येतो. बुटीबोरीकरांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. थर्मल व्हॉल्व्ह अडकणे हे तापमान वाढण्याचे खरे कारण असू शकते आणि ते ओळखणेही सोपे आहे : यंत्र शंभर अंशांवर चालत असताना कूलर मात्र जेमतेम कोमट लागला, तर ऑइल तिकडे पोहोचतच नाही असे समजावे. परंतु व्हॉल्व्ह काढून टाकणे हा उपाय नव्हे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास येते. तेव्हा व्हॉल्व्ह नसेल तर ऑइल कायम कूलरमधून फिरून थंडच राहते, दाबलेल्या हवेतली वाफ बाहेर न पडता ऑइलमध्येच पाणी होऊन साठते आणि स्क्रूची बेअरिंगे गंजू लागतात. उन्हाळ्यातले ट्रिपिंग थांबले खरे, पण त्याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते.

सगळे आकडे निम्मे करण्याबद्दलही तेच सांगेन. ऑइलचे तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, हा ठोकताळा आहे आणि तो योग्य आहे. म्हणून तापलेल्या यंत्रात ऑइल लवकर बदलावे हे खरे. पण यंत्र का तापते हे न पाहता फक्त ऑइल बदलत राहिलो, तर खर्च दुप्पट होतो आणि ट्रिपिंग तसेच राहते.

ताई, आपण दोन गोष्टी सांगाव्यात. यंत्र रोज किती तास चालते? आणि ऑइलचे तापमान व खोलीचे तापमान एकाच वेळी घेतल्याची काही नोंद कुठे आहे का? 'ठीक' नको, आकडे हवेत.

देखभाल_हिंगणा

यंत्र दोन शिफ्ट, म्हणजे दिवसाला सोळा तास आणि महिन्याला सुमारे सव्वीस दिवस चालते. ऑगस्टच्या आसपास काम कमी असते तेव्हा एकच शिफ्ट असते.

अधिकृत पत्रकात आकडे नाहीत, परंतु आमच्या जुन्या ऑपरेटरने स्वतःच्या वहीत दुपारी तीनच्या सुमाराचे आकडे लिहून ठेवलेले आहेत. खोलीत भिंतीवर एक तापमापक टांगलेला आहे, त्यावरचा आकडा आणि पॅनेलवरचे ऑइलचे तापमान असे दोन्ही त्यात आहेत. त्यातले काही दिवस निवडून खाली देते. फरकाचा रकाना मी केला आहे.

| दिनांक | तासमीटर | खोली (अंश) | ऑइल (अंश) | फरक |
|---|---|---|---|---|
| १० फेब्रुवारी | ११,२४० | २९ | ७९ | ५० |
| १२ मार्च | ११,६५६ | ३४ | ८३ | ४९ |
| ६ एप्रिल | १२,००० | ३८ | ८९ | ५१ |
| २८ एप्रिल | १२,३०४ | ४१ | ९७ | ५६ |
| १४ मे | १२,५१२ | ४४ | १०६ | ६२ |

जुनाफिटर

त्या ऑपरेटरची वही हेच तुमचे खरे नोंदपत्रक आहे. ऑडिटरला तीच दाखवली तरी चालेल, असे मी अर्धवट गमतीने आणि अर्धवट गंभीरपणे म्हणतो.

आता आकडे पाहू. १२ मार्च ते १४ मे या काळात खोली दहा अंशांनी तापली, पण ऑइल तेवीस अंशांनी तापले. म्हणजे दहा अंश नागपूरच्या उन्हाचे आहेत आणि उरलेले तेरा अंश यंत्राचे स्वतःचे आहेत. कूलरची स्थिती तीच राहिली असती तर ४४ अंशांच्या खोलीत ऑइल ९३-९४ वर राहिले असते आणि यंत्र ट्रिप झाले नसते. म्हणून नुसते ऑइलचे तापमान लिहून उपयोग नसतो, कारण ते वाढले की प्रत्येक जण उन्हाकडे बोट दाखवतो. फरकाकडे पाहिले तर २८ एप्रिललाच, म्हणजे पहिल्या ट्रिपच्या आधीच, पत्रक बोलू लागले होते.

एक मर्यादा मात्र लक्षात असावी. थंडीत थर्मल व्हॉल्व्ह स्वतःच ऑइल गरम ठेवतो, त्यामुळे त्या काळातला फरक मोठा दिसतो आणि त्यावरून कूलरविषयी काही सांगता येत नाही. खोली तीस अंशांच्या वर असेल आणि यंत्र निदान अर्धा तास लोडवर चालले असेल, तेव्हाच्याच नोंदींची आपसात तुलना करावी. फेब्रुवारीची ओळ मी म्हणूनच हिशेबात धरली नाही.

फरक वाढण्याची नेहमीची कारणे चार असतात. कूलरच्या बाहेरच्या पत्र्या चोंदणे, ऑइलची पातळी कमी होणे, ऑइल फिल्टर चोंदणे आणि तो थर्मल व्हॉल्व्ह. महिन्या-दीड महिन्यात हळूहळू वाढ झाली असेल तर पहिला संशय कूलरवर घ्यावा. आपल्याकडे वेल्डिंग आणि ग्राइंडिंग त्याच शेडमध्ये होते का? त्या धुरातली बारीक भुकटी ऑइलच्या वाफेबरोबर पत्र्यांवर लेपासारखी बसते. बाहेरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते, कारण लेप पंख्याच्या बाजूला आत असतो. 'कूलर ठीक' अशी खूण बहुधा बाहेरून पाहूनच केली असावी.

देखभाल_हिंगणा

होय, ग्राइंडिंग त्याच शेडमध्ये होते. रविवारी यंत्र बंद ठेवून कूलर स्वच्छ करता येईल. फिटरला कोणती पद्धत सांगावी? मागे एकदा सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पंपाने धुण्याचा प्रस्ताव आला होता.

जुनाफिटर

प्रेशर पंप अजिबात वापरू नये. पत्र्या वाकल्या की हवेची वाट कायमची बंद होते आणि मग कूलर बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आधी यंत्र बंद करून मेन आयसोलेटर खाली करावा आणि त्याला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्या फिटरच्याच खिशात असावी. पॅनेलवर 'बंद' दिसते म्हणून हात घालू नये, कारण दाब कमी झाला की हे यंत्र आपोआप सुरू होण्यासाठीच बनवलेले असते. सेपरेटर टाकीचा दाब शून्यावर आल्याशिवाय एकही नट सैल करू नये. मोटर आणि पॅनेल प्लास्टिकने झाकावे. पंखा ज्या दिशेने हवा ढकलतो त्याच्या उलट बाजूने कमी दाबाची कोरडी हवा मारावी. तेवढ्याने लेप निघाला नाही, आणि तुमच्याकडे तो निघणार नाही असे वाटते, तर चिकट तेल काढणारे रसायन फवारून थोडा वेळ ठेवावे, साध्या नळाच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच यंत्र सुरू करावे. गरम कूलरवर पाणी टाकू नये.

आणि एक काम त्याच दिवशी करावे. भिंतीवरचा तापमापक काढून कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो त्या जाळीपाशी धरून पाहावे.

कामठीरोड_वर्कशॉप

आम्ही तर कॉम्प्रेसरच्या खोलीत वाळ्याचा कूलरच लावला आहे. भर नवतपात खोली सात-आठ अंशांनी खाली येते आणि ट्रिपिंग नावालाही नाही. त्यासाठी एवढे वेळापत्रक कशाला?

जुनाफिटर

मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो चालतो, हे मान्य आहे. पण पाण्याचे तुषार यंत्राच्या कूलरवर जात असतील तर धूळ आणि बोअरचे जड पाणी मिळून पत्र्यांवर असा थर बसतो की तो रसायनानेही लवकर सुटत नाही. पावसाळा लागला की त्या कूलरने खोली थंड तर होत नाहीच, फक्त हवेतली वाफ वाढते. मी लावणार नाही, पण ज्यांनी लावला आहे त्यांनी निदान तुषार अडवणारा आडोसा करावा.

कामठीरोड_वर्कशॉप

तीन उन्हाळे झाले, आमच्या पत्र्या अजून स्वच्छ आहेत. असो, ज्याचा त्याचा अनुभव.

देखभाल_हिंगणा

रविवारी कूलर काढून धुतला. आतल्या बाजूला काळपट लेप होता आणि पहिल्या फवारणीनंतर खाली अक्षरशः शाईसारखे पाणी आले. सोमवारी दुपारी तीन वाजता खोली ४४, ऑइल ९८, फरक ५४. म्हणजे ट्रिपिंग थांबले, पण मार्चचा ४९ चा आकडा परत आला नाही.

जाळीपाशी तापमापक धरल्यावर मात्र कारण दिसले. भिंतीजवळ ४४ असताना जाळीपाशी ४८ होते. यंत्राची गरम हवा वर सोडली जाते, ती शेडच्या पत्र्याला लागून खाली येते आणि पुन्हा जाळीतून आत ओढली जाते. गेल्या महिन्यात धूळ येऊ नये म्हणून मागची खिडकी बंद केली होती, त्यानंतर हे सुरू झाले असावे. काल पत्र्याचा डक्ट जोडून गरम हवा खिडकीतून बाहेर काढली. आज खोली ४३, ऑइल ९२, फरक ४९.

जुनाफिटर

उत्तम. आता वारंवारतेचे बोलू.

'सहामाही' हा शब्द पत्रकातून काढून टाकावा असे मी सुचवीन. दोन शिफ्टमध्ये तुमचे यंत्र महिन्याला सुमारे ४१६ तास चालते, म्हणजे सहा महिन्यांत जवळपास २५०० तास होतात. एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर २००० तासांवर बदलायचे असतील तर सहामाहीची वाट पाहताना पाचशे तास उशीर होतो. एकाच शिफ्टमध्ये तेच सहा महिने १२५० तासांचे होतात आणि चांगला फिल्टर फेकला जातो. म्हणून झिजणाऱ्या वस्तूंची वारंवारता तासमीटरवर ठेवावी, सोबत वरची कालमर्यादा द्यावी आणि जे आधी येईल ते धरावे. खालचे आकडे आपल्या यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत आणि फरक असेल तिथे पुस्तिकेचा आकडा घ्यावा.

| काम | केव्हा | कोण |
|---|---|---|
| खोली, ऑइल, दाब यांचे आकडे लिहिणे. ऑइल पातळी | रोज दुपारी तीन वाजता | ऑपरेटर |
| रिसीव्हर टाकीचे पाणी सोडणे | रोज; पावसाळ्यात प्रत्येक शिफ्टला दोनदा | ऑपरेटर |
| एअर फिल्टर झटकणे, गळती पाहणे | आठवड्याला | फिटर |
| कूलर आतून पाहणे व हवेने साफ करणे | महिन्याला | फिटर |
| कूलर धुणे | मार्चचा पहिला पंधरवडा, आणि फरक ५५ झाल्यावर | फिटर |
| पॅनेल व मोटरचे विद्युत जोड घट्ट करणे | तीन महिन्यांनी | इलेक्ट्रिशियन |
| एअर फिल्टर, ऑइल फिल्टर बदलणे | २००० तास किंवा एक वर्ष | सर्व्हिस इंजिनीअर |
| ऑइल आणि सेपरेटर बदलणे | ४००० तास किंवा एक वर्ष | सर्व्हिस इंजिनीअर |

रिसीव्हर टाकीची सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी कायद्याने ठरलेली असते, बाहेरून सहा महिन्यांनी आणि आतून बारा महिन्यांनी. तिची तारीख याच वेळापत्रकात लिहावी, परंतु ती आपल्या फिटरच्या सहीवर भागवता येत नाही.

पाणी सोडण्याच्या ओळीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे इथेच चुकते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ड्रेन उघडला तरी फारसे पाणी येत नाही. ऑपरेटर रोज उघडून पाहतो, काही येत नाही, आणि हळूहळू त्याची सवय सुटते. मग जुलैमध्ये तीच टाकी रोज पाणी धरू लागते आणि ते पाणी पाइपमधून सीएनसीच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. म्हणून वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलणारे असावे आणि पाऊस सुरू झाल्यावर ही ओळ ऑपरेटरला नव्याने समजावून सांगावी.

क्वालिटीवाली

मी ऑडिटच्या बाजूने बोलते. पत्रकात आकडा आणि सही एवढेच असेल तर आम्ही हमखास विचारतो की आकडा मर्यादेबाहेर गेला तेव्हा काय केले. म्हणून प्रत्येक आकड्याच्या शेजारी मर्यादा छापलेली असावी, आणि शेवटी 'मर्यादा ओलांडल्यास कोणाला कळवले, काय केले, केव्हा पूर्ण झाले' असा रकाना असावा. तो रकाना वर्षभर रिकामा असेल तर उलट संशय येतो.

देखभाल_हिंगणा

या दोन्ही सूचनांवरून रोजचे पत्रक असे केले आहे. मर्यादा रकान्याच्या डोक्यावर छापली असून मे महिन्याच्या दोन ओळी भरून देते.

| दिनांक | तासमीटर | खोली | ऑइल (१०० पर्यंत) | फरक (५५ पर्यंत) | सेपरेटरवरचा दाबफरक (०.८ बार पर्यंत) | ऑइल पातळी | पाणी सोडले | मर्यादेबाहेर असल्यास कृती | ऑपरेटर / तपासणारा |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १४ मे | १२,५१२ | ४४ | १०६ | ६२ | ०.५ | मध्य | होय | फिटरला कळवले. रविवारी कूलर धुतला | सही / सही |
| २० मे | १२,५९२ | ४३ | ९२ | ४९ | ०.५ | मध्य | होय | नाही | सही / सही |

ऑइल किंवा फरक मर्यादेबाहेर गेला की ऑपरेटरने त्याच शिफ्टमध्ये फिटरला सांगायचे, फिटरने त्याच आठवड्यात कूलर पाहायचा, आणि ऑइल १०५ वर गेले तर ट्रिपची वाट न पाहता सुपरवायझरने शिफ्टच्या शेवटी यंत्र थांबवायचे, असे ठरवले आहे.

बुटीबोरीकर

एवढे रकाने ठेकेदाराचा ऑपरेटर भरणार नाही. तो महिन्याच्या शेवटी एकाच पेनने सगळे आकडे लिहून मोकळा होतो. आमच्याकडे म्हणून ही नोंद सुपरवायझर घेतो.

जुनाफिटर

सुपरवायझरने लिहिले तर पत्रक सुबक दिसेल, पण यंत्राशेजारी उभा असणारा माणूस आकडे पाहणे सोडून देईल. माझ्या मते ऑपरेटरनेच लिहावे आणि सुपरवायझरने आठवड्यातून एकदा स्वतः तीन वाजता जाऊन ताडून पाहावे. बनावट नोंद तासमीटरच्या रकान्यात उघडी पडते, कारण वीज गेली, सुट्टी आली, ऑर्डर कमी झाली तरी मागाहून लिहिणारा रोज सोळाच तास वाढवत जातो.

बुटीबोरीकर

ते दोन-तीन शिफ्टवाल्या कारखान्यात जमते. आमच्याकडे ऑपरेटर दर महिन्याला बदलतो. आम्ही सुपरवायझरकडेच ठेवणार. थर्मल व्हॉल्व्ह मात्र दिवाळीच्या आधी परत बसवायला सांगतो.

देखभाल_हिंगणा

आमच्याकडे तूर्त ऑपरेटरच लिहील, कारण त्याची वही आधीपासून सुरूच होती. एक शंका राहिली. सेपरेटरवरचा दाबफरक ०.५ आहे आणि मागचा बदल ९,१०० तासांवर झाला होता. सर्व्हिस इंजिनीअर म्हणतो की उन्हाळ्यात यंत्र तापलेच आहे, तर आताच ऑइल आणि सेपरेटर दोन्ही बदलून घ्या.

जुनाफिटर

९,१०० पासून आतापर्यंत सुमारे ३,५०० तास झाले आहेत, म्हणजे ४००० ला पाचशे तास बाकी आहेत. ऑइल मात्र महिनाभर शंभरच्या आसपास शिजले आहे, त्यामुळे ते आता बदलावे हे त्यांचे म्हणणे मला पटते. सेपरेटर ०.५ वर असताना काढण्याचे कारण दाबफरकात तरी दिसत नाही. तो साधारण महिन्याभरात, ४००० तास पूर्ण होतील तेव्हा बदलावा, आणि त्याआधी ०.८ झाला तर त्याच दिवशी. रविवारी एकदाच यंत्र उघडायचे असेल तर दोन्ही एकत्र करण्यात सोय आहे, पण ती तुमच्या उत्पादनाच्या वेळेची सोय आहे, यंत्राची गरज नव्हे.